परत आलेल्या मालावरची कसर

व्यापारी कसर वजा करून उरलेली निव्वळ रक्कम विक्री पुस्तकात लिहायची, हे अकरावीपासून सगळ्यांना पाठ असतं. माल परत आला की मात्र हाच नियम हमखास विसरला जातो, कारण परतीच्या चिठ्ठीवर दुकानदार कसर लिहीतच नाही. 'तीन पंखे परत, दर १,५००' एवढंच लिहून तो माल टेम्पोत टाकतो.

वागळे इस्टेटमधल्या एका घाऊक विक्रेत्याने वाशीच्या दुकानदाराला २० पंखे उधारीवर दिले, असं धरू. छापील किंमत १,५०० रुपये, व्यापारी कसर २० टक्के. (जीएसटी सध्या बाजूला ठेवू, नाहीतर मुद्दा हरवतो.) ३०,००० मधून ६,००० गेले, विक्री पुस्तकात २४,००० आले आणि तेवढेच दुकानदाराच्या खात्याला नावे पडले. कसरीचं वेगळं खातं उघडायचं नाही.

आता तीन पंखे परत आले. ४,५०० वर तीच २० टक्के कसर, म्हणजे ९०० वजा. क्रेडिट नोट ३,६०० ची. विक्री परत पुस्तकात ३,६००, तिथून दुकानदाराच्या खात्याला जमा ३,६००. येणं राहिलं २०,४००. चुकून ४,५०० जमा केले तर येणं १९,५०० दिसतं आणि मालकाचे ९०० रुपये गेले.

घाबरायचं कारण इथे आहे: तेरीज तरीही जुळते! महिनाअखेरीस विक्री परत खात्याला नावे पडणारी बेरीजही त्याच चुकलेल्या पुस्तकातून येते, त्यामुळे नावे आणि जमा या दोन्ही नोंदी सारख्याच ९०० ने फुगतात. 'तेरीज जुळली, घरी जा' म्हणणारे सिनियर मला म्हणूनच पटत नाहीत. 'सॉफ्टवेअर बघून घेईल' म्हणणारे तर मुळीच नाहीत. क्रेडिट नोटमध्ये तुम्ही कसरीचा रकाना रिकामा सोडला, तर ते बिचारं काय बघणार?

चूक पकडायची जागा एकच, मूळ बिल. त्याचा क्रमांक क्रेडिट नोटवर असलाच पाहिजे. एकाच बिलात पंख्यांना २० आणि स्विचना ३० टक्के कसर असू शकते, तेव्हा परत आलेल्या वस्तूचाच दर लावा, सरासरी काढू नका. मी आजही क्रेडिट नोट हातात आली की आधी बिलांची फाइल उघडतो. वेळ जातो, पण सवय झाली की जड वाटत नाही, खरंच.

खरेदीकडे हेच उलट्या बाजूने. आपण परत पाठवलेला माल खरेदी परत पुस्तकात निव्वळ किमतीला जातो आणि पुरवठादाराचं खातं नावे पडतं. त्याची क्रेडिट नोट छापील किमतीने आली, तर फायदा झाला म्हणून गप्प बसू नका. मूळ बिल दाखवून ती दुरुस्त करून घ्या, नाहीतर पुढच्या खातेउताऱ्यात तुमची आणि त्याची बाकी जुळणार नाही.