ग्राहकाच्या केसांना न झेपणारा रंग सभ्यपणे कसा नाकारावा

नवे ग्राहक मोबाइलवर राखाडी-चंदेरी केसांचा फोटो दाखवतात, तेव्हा कलरिस्टने आधी फोटोकडे नव्हे, तर त्यांच्या केसांकडे पाहावे. त्याच क्षणी तोंडून निघालेला नकार ग्राहकाला कलरिस्टचे मत वाटतो आणि मतावर वाद घालता येतो. म्हणून नकार द्यायचाच असला, तरी तो केसांची चाचणी झाल्यावर द्यावा.

एक उदाहरण घेऊ. बहिणीच्या लग्नाला तीन आठवडे उरले असताना एक ताई येतात. केस कमरेच्या थोडे वर, सहा वर्षे दर महिन्याला घरी काळी मेंदी लावलेली, आठ महिन्यांपूर्वी स्मूदनिंग केलेले. ही माहिती त्या आपणहून सांगत नाहीत, कारण काळी मेंदी अनेकांना रंग वाटतच नाही. त्यामुळे "केसांना कधी रंग लावला होता का?" असे न विचारता "गेल्या तीन वर्षांत केसांना काय काय लावले?" असे विचारावे. त्यांनी सांगितलेले त्यांच्यासमोरच ग्राहक-कार्डावर लिहावे.

त्यानंतर मानेच्या मागून, दिसणार नाहीत अशा जागेवरून केसांच्या दोन बारीक बटा त्यांची परवानगी घेऊन कापाव्यात आणि दोऱ्याने बांधाव्यात. काही काळ्या मेंदीत आणि घरगुती कलपांत धातूंचे क्षार असू शकतात, त्यांची परीक्षा पहिल्या बटेवर होते. काचेच्या भांड्यात ३० मिलिलिटर २० व्हॉल्यूमचा, म्हणजे ६ टक्क्यांचा डेव्हलपर घेऊन त्यात २८ टक्क्यांच्या अमोनियाचे २० थेंब टाकावेत आणि बट अर्धा तास बुडवून ठेवावी. भांडे गरम झाले, बुडबुडे आले किंवा केसांचा रंग झपाट्याने बदलला, तर ब्लीचचा विषय तिथेच संपतो. मात्र चांदीचे क्षार असतील, तर या चाचणीत काहीच दिसत नाही, म्हणून ती निर्दोष निघाली तरी निर्धास्त होऊ नये.

या ताईंची पहिली बट शांत राहिली. दुसऱ्या बटेला २० व्हॉल्यूममध्ये कालवलेले ब्लीच लावून दर दहा मिनिटांनी पाहिले, तेव्हा पाऊण तासानंतरही ती गडद नारिंगीपुढे सरकली नाही, आणि चंदेरी छटेला तर फिकट पिवळ्यापर्यंत जावे लागते. बट धुऊन ओली असताना दोन बोटांत ताणली. निरोगी ओला केस ताणल्यावर पुन्हा मूळ लांबीला येतो. हा मात्र रबरासारखा लांबत गेला, तसाच लोंबत राहिला आणि तुटला.

आता नकार द्यावा. आरशातून न बोलता शेजारी खुर्ची घेऊन बसावे आणि ती बट ग्राहकाच्या हातात द्यावी. माझ्या अनुभवात निम्मे संभाषण इथेच संपते. मग स्वच्छ शब्दांत सांगावे: "ताई, हा रंग मी तुमच्या केसांवर करणार नाही. एका ब्लीचमध्ये बट एवढीच उजळली आणि ताणताच तुटली. चंदेरीसाठी आणखी एकदा तरी ब्लीच लागेल आणि तेवढ्यात केस मधूनच तुटायला लागतील." मेंदीबद्दल किंवा आधीच्या पार्लरबद्दल शेरा मारू नये, कारण तो ऐकून माणूस स्वतःचा बचाव करू लागतो. "प्रयत्न करून बघू" हे वाक्यही टाळावे. ग्राहक त्याला होकारच समजतात.

"मी सही करून देते, जबाबदारी माझी" असे त्या बहुधा म्हणतील. उत्तर थोडक्यात असावे: "सही केल्याने केस तुटायचे थांबणार नाहीत." पैसे वाढवून देण्याच्या प्रस्तावालाही हेच लागू पडते. आवाज चढला तर तीच दोन वाक्ये त्याच सुरात पुन्हा म्हणावीत, नवी कारणे जोडू नयेत. दर नव्या कारणाबरोबर घासाघीस नव्याने सुरू होते.

पर्याय सुचवताना तो त्याच चाचणीत टिकतो का, हे पाहावे. पहिल्या चाचणीत धातू आढळले असतील, तर पेरॉक्साइड लागणारा साधा तपकिरी रंगही सुचवता येत नाही. या ताईंना लग्नासाठी चंदेरी क्लिप-इन बटा आणि टोकांची छाटणी सुचवली. मेंदी थांबवली तर महिन्याला सुमारे एक सेंटीमीटर या गतीने मुळांकडून कोरे केस येतील, हेही सांगितले. त्या केसांवर वर्षभराने पुन्हा चाचणी घेता येईल. बटांची चाचणी विनामूल्य करावी की शुल्क घ्यावे, हे आपण ठरवावे, पण शुल्क असेल तर ते बट कापण्याआधी सांगितलेले असावे. तुटलेली बट पाकिटात घालून, तारीख टाकून कार्डाला जोडून ठेवावी.