गरोदरपणात मशेरी लावताय? या चुका टाळा

नाव नोंदवायला गेल्यावर सिस्टर विचारतात, "तंबाखू खाता का?" आणि बाई सरळ "नाही" म्हणते. खोटं बोलत नसते ती, तिच्या लेखी मशेरी म्हणजे दात घासायचं. पहिली चूक इथेच होते. मशेरी म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखूच, हिरड्यांना लावून पंधरा-वीस मिनिटं तोंडात राहिली की निकोटीन थेट रक्तात जातं, वारेच्या रक्तवाहिन्या आवळतात, बाळाला रक्त कमी पोचतं आणि निकोटीन वार ओलांडून बाळापर्यंतही जातं. 2004 साली मुंबईतल्या 1,217 बायकांचा अभ्यास छापून आला, त्यात मशेरी-तंबाखूवाल्यांची बाळं सरासरी 105 ग्रॅमनी हलकी निघाली आणि दिवस भरायच्या आधी बाळंत होण्याचं प्रमाणही जास्त होतं. आणि बाळ बारीक असलं की बाळंतपण सोपं जातं असं जे घरात म्हणतात ना, ते डोक्यातून काढाच, अडीच किलोच्या आतलं बाळ लवकर गार पडतं, दूध ओढायला दमतं, इन्फेक्शन पटकन होतं.

दुसरी चूक, आजपासून बंद म्हणायचं पण सकाळचं काय ते ठरवायचंच नाही. समजा चौथा महिना आहे, दिवसातून तीनदा लावते, आणि सकाळची लावल्याशिवाय पोट साफ होत नाही. मग आधी दुपारची आणि रात्रीची बंद करायची, सकाळी उठल्या उठल्या कोमट पाणी, साधी पेस्ट, जेवणात पालेभाजी, तरी पोट साफ होत नसेल तर डॉक्टरांकडून गरोदरपणात चालणारं औषध घ्यायचं, आणि आठवड्याभरात सकाळचीही सोडायची. पहिले तीन-चार दिवस डोकं दुखतं, चिडचिड होते, ती सुटण्याची लक्षणं आहेत, मशेरीची गरज नव्हे. तलफ आली की काही मिनिटांत ओसरते, तेवढ्यात बडीशेप चघळा. मशेरीचा डबा घरात ठेवू नका. सासूबाई लावत असतील तर त्यांनाच सांगा, "आई, नातवासाठी तुम्हीपण माझ्यासोबत सोडा", आणि घरात तंबाखू भाजणं तरी बंदच, तो धूर तुमच्याच नाकात जातो.

मशेरी सोडून तंबाखूचं लाल मंजन किंवा गुल धरणं हेही तेच. विडी-सिगरेटमध्ये निकोटीनसोबत कार्बन मोनॉक्साइड येतो, तो रक्तातला ऑक्सिजनच कमी करतो, म्हणून नवऱ्याने विडी घराबाहेर ओढावी, खिडकीत उभं राहून नाही.

"कमी केलीय की" म्हणून थांबू नका, पूर्ण सोडायचीय. सहावा-सातवा महिना लागला असला तरी सोडा, बाळाचं वजन शेवटच्या तीन महिन्यांतच जास्त वाढतं. एकटीने जमत नसेल तर 1800-11-2356 हा फुकटचा सरकारी नंबर आहे, तिथले काउन्सेलर तारीख ठरवून देतात. निकोटीनचं च्युइंगम मात्र मेडिकलमधून मनाने आणू नका, आधी डॉक्टरांना विचारा.

दारूचं वेगळं सांगते. गरोदरपणात इतकी चालते असं प्रमाणच नाही, ती बाळाच्या मेंदूपर्यंत जाते आणि ते नुकसान नंतर भरून येत नाही. पण रोज भरपूर पिणारीने एकदम बंद करू नये, हातपाय थरथरणं, घाम, झटके येऊ शकतात, अशा वेळी दवाखान्यात डॉक्टरांच्या नजरेखालीच सोडायची.