किर्कहॉफचं समीकरण वापरताना या चुका टाळा

अमोनियाच्या अभिक्रियेची एन्थॅल्पी पुस्तकात मिळते ती २९८ केल्विनची. कारखान्यातली भट्टी मात्र ७०० केल्विनच्या आसपास तापलेली असते. तिथला आकडा काढायला किर्कहॉफचं समीकरण लागतं:

ΔH(T₂) = ΔH(T₁) + ΔCp × (T₂ − T₁)

अभिक्रिया N₂ + 3H₂ → 2NH₃ अशी लिहिली, तर २९८ केल्विनला ΔH = −९२.२२ किलोज्यूल. स्थिर दाबाच्या मोलर उष्माधारकता (ज्यूल प्रति केल्विन प्रति मोल) अशा: नायट्रोजन २९.१२, हायड्रोजन २८.८२, अमोनिया ३५.०६.

सर्वांत फसवी चूक सहगुणक विसरण्याची. ३५.०६ मधून बाकीचे दोन्ही आकडे सरळ वजा केले की −२२.८८ येतात आणि उत्तर −१०१.४ किलोज्यूल. दिसायला अगदी शहाणं उत्तर, म्हणून ते कुणाला खटकत नाही. योग्य मांडणी अशी:

ΔCp = २(३५.०६) − [२९.१२ + ३(२८.८२)] = −४५.४६ ज्यूल प्रति केल्विन

फरक ४०२ केल्विनचा, म्हणजे दुरुस्ती −१८,२७५ ज्यूल. हाच आकडा तसाच −९२.२२ मध्ये मिळवणारेही असतात; पण तेव्हा उत्तर अठरा हजारांच्या पुढे जातं आणि चूक आपोआप उघडी पडते. किलोज्यूलमध्ये −१८.२७ धरून उत्तर येतं −११०.५ किलोज्यूल.

चिन्ह तपासायला समीकरण पाठ असण्याची गरज नाही. चार मोल अभिक्रियाकारकांची एकूण उष्माधारकता दोन मोल अमोनियापेक्षा जास्त आहे. तापवताना अभिक्रियाकारकांची एन्थॅल्पी जास्त वेगाने वर चढते, उत्पादिताची मागे राहते, दोघांतलं अंतर वाढतं. म्हणून ΔH अधिक ऋण व्हायलाच हवा. तुमचं उत्तर −७४ च्या जवळ आलं असेल, तर वजाबाकी उलटी झाली आहे.

आता −११०.५ बद्दल. गणित बरोबर असलं तरी हा आकडा मला पटत नाही, कारण त्यात उष्माधारकता ४०० अंशांच्या टप्प्यात स्थिर धरली आहे. अमोनियाची ती तापमानाबरोबर बरीच वाढते, नायट्रोजन-हायड्रोजनची फारशी नाही. त्यामुळे वर जाताना ΔCp चं ऋणमूल्य घटत जातं. Cp = a + bT + c/T² हे सूत्र घेऊन संकलन केलं की दुरुस्ती सुमारे −१३.९ किलोज्यूल येते आणि ΔH सुमारे −१०६. शंभरेक केल्विनच्या फरकापर्यंत सोपी रीत चालते, त्यापुढे संकलन करा. इथे T केल्विनमध्येच घाला. सोप्या रीतीत फक्त फरक लागतो, त्यामुळे सेल्सिअस खपून जातं, संकलनात नाही.

आणि मधे एखादा पदार्थ उकळत किंवा वितळत असेल, तर एका दमात उडी मारता येत नाही. द्रवरूप पाणी देणारी अभिक्रिया ४०० केल्विनला न्यायची तर ३७३ पर्यंत द्रवाची उष्माधारकता घ्या, तिथे दर मोलला ४०.७ किलोज्यूल बाष्पनाची एन्थॅल्पी मिळवा आणि पुढे वाफेची उष्माधारकता वापरा.