निकालाच्या आदल्या दिवशी फ्युचर्सचे किती लॉट ठेवायचे?

निवडणूक निकाल, अर्थसंकल्प किंवा रिझर्व्ह बँकेचे पतधोरण जवळ आले की सगळे एकमेकांना विचारतात, "काय वाटतं, वर की खाली?" पोझिशन ठेवायची की कमी करायची हे ठरवताना या प्रश्नाचा उपयोग नाही. अंदाज बरोबर येऊनही खाते रिकामे होऊ शकते. 2024 च्या लोकसभा निकालात नेमके तेच झाले असते, म्हणून तोच हिशेब मांडतो.

3 जून 2024. एक्झिट पोलनंतर निफ्टी 23,264 ला बंद झाला. समजा खात्यात 6 लाख आहेत आणि निफ्टी फ्युचर्सचे तीन लॉट खरेदी केलेले आहेत. तेव्हा लॉट 25 चा होता, म्हणजे एकूण 75. फ्युचर्सचा भाव थोडा वेगळा असतो, पण हिशेबासाठी निर्देशांकाचेच आकडे धरू. सौदा सुमारे साडेसतरा लाखांचा, म्हणजे भांडवलाच्या जवळजवळ तिप्पट.

आधी एक रक्कम कागदावर लिहा: या एका घटनेत जास्तीत जास्त किती गमवायला तयार आहात. मी भांडवलाच्या दहा टक्क्यांवर कधीच जात नाही. इथे ती मर्यादा 60,000.

आता अवघड पायरी. बाजार उलटा गेला तर किती जाईल, हा आकडा कुठून आणायचा? बरेच जण इंडिया व्हीआयएक्स बघून दिवसाची हालचाल काढतात. हे करू नका. व्हीआयएक्स पुढच्या तीस दिवसांची अपेक्षा सांगतो आणि निकालाचा एक दिवस त्यात विरघळून जातो. त्याऐवजी घटनेनंतर लगेच संपणाऱ्या एक्सपायरीतला, चालू भावाच्या सर्वांत जवळच्या स्ट्राइकचा कॉल आणि पुट यांच्या प्रीमियमची बेरीज करा. बाजाराला अपेक्षित असलेली हालचाल साधारण तेवढी असते. पण ती अपेक्षा झाली, वाईट दिवस नव्हे. म्हणून मी ती दुप्पट करतो आणि त्याच प्रकारच्या घटनेच्या इतिहासाशी ताडून मोठा आकडा घेतो. 2004 च्या निकालानंतर 17 मे रोजी सेन्सेक्स एका दिवसात 11 टक्क्यांहून जास्त पडला होता. त्यामुळे लोकसभा निकालासाठी दहा टक्क्यांपेक्षा कमी धरणे मला पटत नाही. पतधोरणासाठी एवढा आकडा लागत नाही.

23,264 चे दहा टक्के म्हणजे 2,326 अंक. एका लॉटमागे सुमारे 58,000 रुपये. मर्यादा 60,000. उत्तर: एक लॉट ठेवा, दोन काढा.

दुसऱ्या दिवशी निफ्टी 21,281 पर्यंत गेला आणि 21,884 ला बंद झाला. तळाला तीन लॉटचा तोटा सुमारे 1,48,700, म्हणजे भांडवलाचा चौथा हिस्सा. एका लॉटचा सुमारे 49,600. पुढे 7 जूनला निफ्टी 23,290 ला बंद झाला, 3 जूनच्याही वर! एक लॉटवाला तिथपर्यंत शांतपणे टिकला असता. याउलट ज्याचे सगळे पैसे मार्जिनमध्येच अडकलेले, त्याची पोझिशन ब्रोकरने पडझडीतच स्क्वेअर ऑफ केली असती आणि वरचा बाजार त्याच्या काही कामाचा नव्हता.

"स्टॉपलॉस लावून ठेव" हा सल्ला मला चीड आणतो. 4 जूनला बाजार आदल्या बंद भावाच्या जवळच उघडला आणि मग पडत गेला, त्यामुळे स्टॉपला संधी मिळाली. बाजार तुमच्या स्टॉपच्या खालीच उघडला, तर लिमिट भावाची ऑर्डर तशीच पडून राहते आणि तोटा वाढत जातो. घटनेआधीची सुरक्षा लॉटच्या संख्येतच असते.

तीनही लॉट ठेवायचेच असतील तर तेवढेच पुट विकत घ्या, घटनेनंतर संपणारे. 22,700 चा पुट घेतला तर त्या भावापर्यंतचा तोटा 42,300. मर्यादेतले 17,700 उरतात, म्हणजे प्रीमियम 236 रुपयांच्या आत असेल तरच परवडते. महाग असेल तर लॉट कमी करा, खालचा स्वस्त पुट घेऊन मनाची समजूत घालू नका. फ्युचर्सचा तोटा रोजच्या रोज रोखीने कापला जातो, पुटचा फायदा मात्र तो विकेपर्यंत हातात येत नाही. तेवढी रोकड खात्यात मोकळी ठेवा.

लॉट आदल्या दिवशी दुपारीच काढा. काढलेले लॉट परत घ्यायचे तर निकालाचा दिवस जाऊ द्या, आणि प्रीमियम उतरल्यावर तोच हिशेब नव्या आकड्यांनी करा.