निकाल सापडला, पण तो अजून टिकून आहे का? ऑनलाइन सायटेशन शोधताना या चुका टाळा

समजा, चोरीचा खटला आहे. दुकानातल्या सीसीटीव्हीचं फुटेज तपास अधिकाऱ्याने पेन ड्राइव्हवर उतरवून घेतलं, पण त्यासोबत भारतीय पुरावा कायदा, १८७२ च्या कलम ६५बी खालचं प्रमाणपत्र घ्यायचं राहून गेलं. आरोपपत्र दाखल झालं, साक्षीपुरावा सुरू झाला आणि आता बचाव पक्ष म्हणतो की प्रमाणपत्र नाही, त्यामुळे फुटेजला निशाणी देऊ नका. सरकार पक्षाचा प्रश्न एकच आहे: ते प्रमाणपत्र आता देता येईल का?

शोध कुठे कुठे फसतो हे पाहायला हा प्रश्न उत्तम आहे. याच मुद्द्यावर २००५ ते २०२० या काळात सर्वोच्च न्यायालयाची भूमिका अनेकदा हेलकावली, आणि ते सगळे निकाल डेटाबेसमध्ये शेजारी शेजारी, सारख्याच रुबाबात उभे असतात.

घटनेचे शब्द टाकणं

पहिला शोध बहुतेकांचा असा असतो: CCTV pen drive theft certificate. त्यातून चोरीचे, खुनाचे, जामिनाचे असे ढीगभर निकाल येतात. त्यातल्या अनेकांत सीसीटीव्हीचा फक्त उल्लेख असतो, प्रमाणपत्रावर चर्चा नसते. आपण घटनेच्या भाषेत विचारतो, न्यायालय कायद्याच्या भाषेत लिहितं. निकालपत्रात पेन ड्राइव्ह हा ‘electronic record’ होतो, त्यावरची नक्कल ‘secondary evidence’ होते. म्हणून आधी कलमाची मूळ भाषा उघडून वाचावी आणि शोधशब्द तिथून उचलावेत. इंडियन कानूनवर हा शोध असा दिसेल:

```
"electronic record" ANDD certificate ANDD "secondary evidence" doctypes: supremecourt fromdate: 1-1-2014
```

निकाल फारच कमी आले तर दोष बहुधा लिहिण्याच्या पद्धतीत असतो. हेच कलम कुठे 65B, कुठे 65-B, तर कुठे 65 B असं छापलेलं आहे. पक्षकारांच्या नावांचंही तसंच. २०१४ च्या गाजलेल्या निकालात Anvar आहे, आपण सवयीने Anwar टाकतो. २०१८ च्या निकालात Shafhi आहे, बोटं Shafi टाइप करतात. एकेक रूप वेगळं टाकून पाहावं किंवा ORR ने जोडावं.

नव्या कायद्याने यात आणखी एक खड्डा खणून ठेवला आहे. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ हा १ जुलै २०२४ पासून लागू झाला आणि ६५बी मधली तरतूद तिथे कलम ६३ मध्ये गेली. पण जुन्या १८७२ च्या कायद्यातही कलम ६३ होतं आणि त्यात दुय्यम पुराव्याची व्याख्या होती. विषय जवळचाच, त्यामुळे नुसतं "section 63" शोधलं की दोन्हींची सरमिसळ होते आणि ती पटकन लक्षातही येत नाही. शोधात कायद्याचं नाव घालाच. आपल्या खटल्याला कोणता कायदा लागू, हेही आधीच ठरवून घ्या. १ जुलै २०२४ रोजी प्रलंबित असलेले खटले जुन्या कायद्यानेच चालतील, असं नव्या कायद्याच्या कलम १७० मध्ये लिहिलं आहे. आपलं उदाहरण त्याआधीच्या खटल्याचं आहे असं धरून पुढे जाऊ.

हेडनोट वाचून थांबणं

शोधात वर येतो अन्वर पी. व्ही. विरुद्ध पी. के. बशीर, (२०१४) १० एससीसी ४७३. तीन न्यायमूर्तींचं पीठ. हेडनोटचा अर्थ थोडक्यात असा की दुय्यम इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी ६५बी चं प्रमाणपत्र बंधनकारक आहे. इथे थांबलं तर सरकार पक्षाने हात टेकले असंच वाटेल, आणि बचावाचा वकीलही हेडनोटची प्रत काढून निर्धास्त कोर्टात जाईल.

हेडनोट निकाल देणारे न्यायमूर्ती लिहीत नाहीत. ती संपादकांनी काढलेली असते आणि चांगल्या रिपोर्टरमध्ये ती मेहनतीने काढलेली असते. पण तिच्यात मुद्दा उरतो आणि घटना गळून पडते. अन्वरमध्ये वाद केरळमधल्या निवडणुकीचा होता. प्रचारातली गाणी आणि घोषणा रेकॉर्ड करून संगणकावर घेतल्या, तिथून सीडी बनवल्या आणि त्या सीडी कोर्टात दिल्या. म्हणजे त्या नकला होत्या. मूळ सीडी जप्त करून प्राथमिक पुरावा म्हणून आणल्या असत्या तर गोष्ट वेगळी झाली असती, हे त्याच निकालात स्पष्ट लिहिलेलं आहे. आपल्या खटल्यात डीव्हीआरच जप्त झाला असता तर युक्तिवाद इथूनच फिरला असता. आपल्याकडे फक्त पेन ड्राइव्ह आहे, म्हणजे नक्कल. त्यामुळे बंधन लागू होतं. ते कधीपर्यंत पुरं करता येतं, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर या हेडनोटमध्ये नाही.

हेडनोटचा खरा उपयोग पत्त्यासारखा आहे. तिच्यात मूळ परिच्छेदाचा क्रमांक असेल तर सरळ तिथे जावं आणि त्याच्या मागचे-पुढचे दोन-तीन परिच्छेदही वाचावेत. एखादं वाक्य न्यायालयाचं आहे की वकिलाचा युक्तिवाद तिथे नुसता नोंदवला आहे, हे त्याशिवाय कळत नाही. शोधशब्द हेडनोटमध्ये आहे पण निकालपत्रात Ctrl+F करून सापडत नाही, असं झालं तर तो शब्द संपादकाचा आहे. तो न्यायालयाच्या तोंडी घालू नये.

सिटेटरच्या खुणेवर निर्धास्त राहणं

सिटेटर म्हणजे या निकालाला पुढे कोणी उद्धृत केलं आणि त्याचं काय केलं, याची नोंद. मान्य केला, वेगळा ठरवला, शंका घेतली की रद्दबातल ठरवला, हे तिथे कळतं. इथली सगळ्यात सोपी चूक म्हणजे यादी ताज्यापासून लावायची आणि वरचा निकाल उचलायचा. २०१९ मध्ये असं करणाऱ्याला शफी मोहम्मद विरुद्ध हिमाचल प्रदेश राज्य, (२०१८) २ एससीसी ८०१ मिळाला असता. जो पक्ष उपकरणाच्या ताब्यात नाही त्याला प्रमाणपत्राच्या अटीतून सूट मिळू शकते, असं त्यात म्हटलं होतं. निकाल अन्वरच्या नंतरचा होता, सोयीचाही होता. पण तो दोन न्यायमूर्तींचा होता आणि अन्वर तीन न्यायमूर्तींचा. लहान पीठ मोठ्या पीठाचा निकाल बाजूला सारू शकत नाही. तारखेच्या आधी पीठाची संख्या बघायची सवय लागली की हा सापळा लगेच दिसतो.

दुसरा प्रकार उलटा आहे. नवज्योत संधू, (२००५) ११ एससीसी ६००, म्हणजे संसदेवरील हल्ल्याचा खटला, उघडला की तो अन्वरने रद्दबातल ठरवल्याची खूण दिसते. ती खरी आहे, पण फक्त ६५बी च्या मुद्द्यापुरती. त्या लांबलचक निकालात इतर अनेक प्रश्नांवरची चर्चा आहे आणि तिला अन्वरने हातही लावलेला नाही. लाल खूण पाहून अख्खा निकाल फेकणारे आपलंच नुकसान करून घेतात. खूण कोणत्या मुद्द्यावर पडली, हे ती पाडणारा निकाल उघडूनच पाहावं लागतं.

पण सगळ्यात धोकादायक जागा तिसरी आहे, कारण तिथे कसलीच खूण नसते. जानेवारी २०१५ मध्ये, म्हणजे अन्वरनंतर चारच महिन्यांनी, तीन न्यायमूर्तींच्या पीठाने टोमासो ब्रुनो विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य, (२०१५) ७ एससीसी १७८ हा निकाल दिला. वाराणसीतल्या हॉटेलमधल्या मृत्यूचं प्रकरण होतं आणि हॉटेलचं सीसीटीव्ही फुटेज सरकार पक्षाने आणलंच नव्हतं. इलेक्ट्रॉनिक पुराव्याबद्दल बोलताना या निकालाने नवज्योत संधूचाच आधार घेतला. अन्वरचा उल्लेखच नाही. २०२० मध्ये अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलाश कुशनराव गोरंट्याल, (२०२०) ७ एससीसी १ या निकालाने टोमासो ब्रुनो या मुद्द्यावर पर इन्क्युरियम ठरवला, म्हणजे बंधनकारक निकाल लक्षात न घेता दिलेला. मधली पाच वर्षं काय स्थिती असेल, याचा विचार करा. सिटेटर चालतो उल्लेखांवर. एका निकालाने दुसऱ्याचं नावच घेतलं नाही, तर त्या दोघांत धागा जुळत नाही. टोमासो ब्रुनोच्या पानावर अन्वर दिसत नाही आणि अन्वरच्या पुढच्या यादीत टोमासो ब्रुनो येत नाही. पीठही तीन न्यायमूर्तींचं, त्यामुळे संख्येची चाळणीही इथे उपयोगाची नाही.

हे ओळखायचं तर सिटेटर बाजूला ठेवून कलमाच्या नावाने नवा शोध घ्यावा लागतो. त्या कलमावरचे सर्वोच्च न्यायालयाचे निकाल तारखेने लावून घ्यायचे:

```
"65B" ANDD certificate doctypes: supremecourt fromdate: 1-9-2014 sortby: mostrecent
```

मग आपण वापरणार असलेल्या निकालात Ctrl+F करून मोठ्या पीठाच्या किंवा आधीच्या मुख्य निकालाचं नाव शोधायचं. Anvar शून्य वेळा आलं, तर निकाल कितीही स्वच्छ दिसला तरी तो वापरण्याआधी थांबायचं. दोन मिनिटांचं काम आहे, पण समोरच्या वकिलाने ते केलेलं असतं आणि आपण नाही, तेव्हा कोर्टात त्याची किंमत कळते.

मग उत्तर कुठे मिळालं?

अर्जुन पंडितरावच्या निकालातच, पण पहिल्या मुद्द्यात नव्हे. जालन्याच्या निवडणुकीचा हा वाद. नामनिर्देशनपत्रं वेळेत आली की उशिरा, हे निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या कॅमेऱ्यांच्या चित्रणावरून ठरायचं होतं. निकाल म्हणतो की नक्कल दिली असेल तर प्रमाणपत्र आवश्यकच, मूळ उपकरणच समोर आणलं तर त्याची गरज नाही. शफी मोहम्मद तिथे रद्दबातल झाला. हेडनोट वाचणारा बहुधा इथेच समाधान मानतो.

पुढे वाचलं की आपला प्रश्न भेटतो. प्रमाणपत्र केव्हा द्यायचं हे कलमात लिहिलेलं नाही. खटल्याची सुनावणी संपलेली नसेल तर न्यायाधीश ते नंतरही सादर करू देऊ शकतात. मात्र आरोपीवर भरून न येणारा अन्याय होणार नाही, हे पाहावं लागतं. संबंधित व्यक्ती प्रमाणपत्र देत नसेल तर ते मिळवण्यासाठी न्यायालयाकडे अर्जही करता येतो. याच ओळीतला कर्नाटक राज्य विरुद्ध एम. आर. हिरेमठ, (२०१९) ७ एससीसी ५१५ हा निकालही मान्य ठरला आहे. आरोपपत्रासोबत प्रमाणपत्र नाही म्हणून आरोपीला तिथेच मोकळं करता येत नाही, कारण त्याची गरज पुरावा सादर करताना पडते, असं त्यात म्हटलं आहे. सरकार पक्षाने दुकानदाराकडून प्रमाणपत्र घेऊन अर्जासोबत द्यावं, आणि अर्जात या दोन निकालांचे परिच्छेद क्रमांक आपण उघडून पाहिलेल्या प्रतीतूनच घालावेत. वेगवेगळ्या प्रकाशनांत परिच्छेदांचे क्रमांक पुढेमागे होतात.

हेच फुटेज हरकत न घेता निशाणी होऊन गेलं असेल आणि प्रकरण अपिलात असेल, तर प्रश्नच बदलतो आणि शोधशब्दही. तिथे "mode of proof" आणि objection हे शब्द टाकून सोनू उर्फ अमर विरुद्ध हरियाणा राज्य, (२०१७) ८ एससीसी ५७० या निकालापासून सुरुवात करावी. पुरावा सिद्ध करण्याच्या पद्धतीवरची हरकत पहिल्यांदा अपिलात घेता येत नाही, हा त्याचा मुद्दा. पीठ दोन न्यायमूर्तींचं आहे, तेव्हा पुढच्या मोठ्या पीठांनी त्याबद्दल काय म्हटलं, हे तपासणं तिथेही सुटत नाही.