तलाव स्वच्छतेचं आवाहन लिहिताना या चुका टाळा

मोहिमेच्या ग्रुपवर बहुतेक वेळा असा संदेश फिरतो: ‘येत्या रविवारी सकाळी तलाव स्वच्छता मोहीम आहे. जास्तीत जास्त संख्येने सहभागी व्हावे. आवश्यक साहित्य सोबत आणावे.’ वाचायला काही खटकत नाही. घोटाळा होतो तो काठावर पोचल्यावर.

आधी ‘येत्या रविवारी’ घ्या. संदेश आठवडाभर फॉरवर्ड होत राहतो आणि मोहीम उरकल्यावर एखाद्याला मिळाला, तर त्याच्यासाठी येता रविवार पुढचा असतो. ‘उद्या’ लिहिलं तर फसगत आणखी लवकर होते. म्हणून वार आणि तारीख दोन्ही लिहा. ‘सकाळी’ म्हटलं की कुणी सहाला येतं, कुणी साडेआठला. उशिरा येणाऱ्या प्रत्येक गटाला सूचना पुन्हा सांगाव्या लागतात आणि त्यात एक माणूस अडकून पडतो. जमण्याची, काम सुरू होण्याची आणि संपण्याची, अशा तिन्ही वेळा द्या. संपण्याची वेळ सर्रास राहून जाते. मग लोक मधूनच निघतात, भरलेल्या पिशव्या काठावरच राहतात आणि कुत्री त्या फाडतात. शेवटचा अर्धा तास पिशव्या वाहून नेण्यासाठीच राखून ठेवा आणि तसं संदेशात लिहा.

तलावाला चार बाजू असतात, तेव्हा ‘तलावावर’ हा पत्ता नव्हे. कोणतं गेट, त्याची खूण काय, हे सांगा आणि सोबत लोकेशन पिन द्या.

सगळ्यात महागात पडतं ते कामाचं मोघम वर्णन. काम ठरलेलं नसलं की सगळे प्लास्टिक वेचायला पायऱ्यांपाशी गर्दी करतात. वर्गीकरणाला आणि पिशव्या उचलायला कुणीच उरत नाही. हिशेब उलट्या बाजूने मांडा. समजा, ३०० मीटर काठ साफ करायचा आहे. प्रत्येकी ५० मीटरला चार जणांची एक तुकडी धरली, तर सहा तुकड्या, म्हणजे २४ जण वेचायला. वर्गीकरणाला ८, वाहतुकीला ६, नोंदणी आणि प्रथमोपचाराला २. एकूण ४० झाले. आता ‘जास्तीत जास्त’ऐवजी ‘४० जण’ लिहिता येतं आणि हातमोजे किती जोड लागतील तेही कळतं. कचरा फार दाट असेल तर ५० मीटरचा पट्टा निम्मा करा. माणसं तेवढीच असतील तर काठही निम्माच धरा.

जलपर्णी काढायची असेल तर तो वेगळा कार्यक्रम समजा. तिच्या वजनाचा बहुतांश भाग पाणीच असतो, त्यामुळे ढीग दिसतो त्याहून खूप जड भरतो. तुटलेले तुकडे पाण्यात राहिले तर पुन्हा वाढतात. वेचणीच्या संदेशात तिला ओझरतं घुसवू नका.

‘आवश्यक साहित्य’ वाचून बरेच जण झाडू आणतात. ओल्या चिखलात त्याचा उपयोग नाही. काय आणायचं, काय आम्ही देणार आणि काय आणू नका, या तीन वेगळ्या ओळी ठेवा. हातमोजे लिहिताना ‘रबरी, जाड’ असं म्हणा, नाहीतर दवाखान्यातले पातळ येतात आणि काचेच्या पहिल्याच तुकड्याने फाटतात. उघडी जखम असलेल्यांना पाण्याजवळचं काम देऊ नका. दूषित पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसचा संसर्ग जखमेवाटे होऊ शकतो. हेही आवाहनातच लिहा, म्हणजे माणूस घरी असतानाच ठरवेल.

सुधारलेला संदेश असा दिसतो:

‘तलाव स्वच्छता, रविवार, ८ फेब्रुवारी. जमणे ६.४५, काम ७.०० ते ९.००, पिशव्या गाडीपर्यंत नेणे ९.०० ते ९.३०.
जागा: पूर्वेचे गेट, पंपघराशेजारी (पिन खाली).
हवेत ४० जण: वेचणी २४, वर्गीकरण ८, वाहतूक ६ (वजन उचलावे लागेल), नोंदणी व प्रथमोपचार २. नाव आणि काम शुक्रवारी रात्री ८ पर्यंत कळवा. जागा भरल्या की नोंदणी बंद.
आणा: जाड रबरी हातमोजे, बंद बूट, टोपी, १ लिटर पाणी.
आम्ही देऊ: पोती, चिमटे, प्रथमोपचार पेटी, जादा १० जोड हातमोजे.
आणू नका: झाडू. चपला घालून येऊ नका.
पाण्यात कुणीही उतरणार नाही. हातापायाला जखम असल्यास वेचणी किंवा वर्गीकरणाऐवजी नोंदणीचे काम घ्या. सुई दिसल्यास हात न लावता तुकडीप्रमुखाला सांगा.’

पाठवण्याआधी तो मोहिमेशी संबंध नसलेल्या एकाला वाचायला द्या आणि विचारा: किती वाजता, कुठे, काय घालून, काय करायला? एकाही उत्तरात तो अडखळला तर ती ओळ पुन्हा लिहा. पाठवल्यावर एकच प्रश्न तिघांनी विचारला, तर उत्तर तिघांना वेगवेगळं देत बसू नका. ते मूळ मजकुरात घाला, वर ‘सुधारित’ आणि तारीख लिहा आणि पूर्ण संदेश पुन्हा टाका. दुरुस्तीची सुटी ओळ मागेच राहते, फॉरवर्ड होतो तो जुना संदेश.