"पंदरा हाड": सापळ्याच्या केसमध्ये मागणी कुठे शोधायची

लाचेच्या खटल्यात नवीन असलेला वकील किंवा तपास अधिकारी फाईल हातात आली की आधी सापळा पंचनामा उघडतो. नोटांना लावलेली फिनॉल्फथॅलीनची पांढरी पूड, सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवलेली बोटं, गुलाबी झालेलं पाणी आणि सीलबंद बाटल्या, असं सगळं त्यात असतं. पण गुलाबी पाणी एवढंच सांगतं की या हातांनी त्या नोटांना स्पर्श केला. पैसे कशासाठी आणि कुणी मागितले, हे त्या बाटलीत नसतं. म्हणून आधी वाचायचा तो सापळ्याच्या अगोदरचा मागणी पडताळणी पंचनामा.

एक काल्पनिक प्रकरण घेऊ. गोव्यात बार्देशातल्या एका पंचायतीत घरदुरुस्तीच्या परवान्याचा अर्ज पडून आहे. सचिव वीस हजार मागतो अशी तक्रार पणजीत दक्षता खात्याच्या भ्रष्टाचारविरोधी शाखेकडे येते. तक्रारीत नुसतं 'लाच मागितली' असेल तर पाया कच्चा राहतो. कोणत्या दिवशी, कुठे आणि नेमक्या कोणत्या शब्दांत मागितली, ते हवं. मग दोन सरकारी पंच बोलावतात, रेकॉर्डर रिकामा आहे हे त्यांना दाखवतात आणि तक्रारदाराला एका पंचासह सचिवाकडे पाठवतात.

बोलणं अर्थातच कोंकणीत होतं. "सायबा, वीस मातशे चड जातात." "बरें तर, पंदरा हाड, मागीर फाईल घे." म्हणजे तक्रारदार म्हणतो वीस जरा जास्त होतात, आणि सचिव म्हणतो बरं तर, पंधरा आण, मग फाईल घे. ही मागणी. 'हजार' शब्द नाही, तरी तक्रारीतले वीस, घासाघीस आणि फाईल एका धाग्यात येतात. आता सापळ्याच्या दिवसाचं बोलणं बघा. "हाडलां?" "हय." म्हणजे आणलंस का, हो, आणि पाकीट खणात. पडताळणी नसेल तर या दोन शब्दांवर बचाव सहज उभा राहतो: घरपट्टीची थकबाकी आणली का विचारलं, उसने दिलेले परत आले, किंवा पाकीट त्यानेच खणात कोंबलं.

यात भाषेची एक गोम आहे. पंचनामा इंग्रजीत लिहिला जातो आणि "पंदरा हाड"चं 'आरोपीने पंधरा हजारांची लाच मागितली' असं होऊन बसतं. उलटतपासणीत पंचाला मूळ शब्द विचारले की तो अडखळतो. त्यामुळे आधी कोंकणी बोलणं देवनागरीत जसंच्या तसं, खाली भाषांतर, आणि दोन्ही रेकॉर्डिंग ऐकून तपासलेले असावेत. रेकॉर्डिंग पुरावा म्हणून देताना 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63(4)चं प्रमाणपत्रही हवं. त्यात आता रेकॉर्डिंगच्या फाईलचं हॅश मूल्य, म्हणजे फाईल बदलली की बदलणारी तिची खूण, द्यावं लागतं.

सर्वात जास्त नुकसान होतं ते पंचाच्या जागेमुळे. सोबतचा पंच दाराबाहेर बाकावर बसतो. तक्रारदार आत जातो, बाहेर येऊन डोक्यावरून हात फिरवतो आणि पथक धावतं. त्या पंचाने इशारा पाहिला, ऐकलं काहीच नाही. पुढे तक्रारदार फितूर झाला (एकाच गावातली माणसं, फेस्ताला पुन्हा भेटणारच) तर मागणी सांगायला कोणी उरत नाही. फाईल वाचताना खोलीचा नकाशा बघा आणि पंच कुठे उभा होता ते विचारा.

तक्रारदार फितूर झाला किंवा वारला म्हणून खटला आपोआप पडत नाही. 15 डिसेंबर 2022 रोजी नीरज दत्ता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितलं की मागणी आणि स्वीकार सिद्ध व्हायलाच हवेत, पण ते इतर साक्षीदारांवरून किंवा परिस्थितीजन्य पुराव्यावरूनही करता येतात. गंमत अशी की त्याच अपिलात मार्च 2023 मध्ये आरोपी सुटली, कारण मागणीचा पुरावा पुरेसा नव्हता. न मागता पुढे केलेली लाच घेणं हाही गुन्हाच आहे, पण तिथेही ती देऊ केली होती हे सिद्ध करावं लागतं.

पैसे लाच म्हणूनच घेतले असं धरून चालणाऱ्या, भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियमाच्या कलम 20च्या गृहीतकावर नवखे लोक फार विसंबतात. मागणी व स्वीकार या मूळ गोष्टी शाबीत झाल्यावरच ते गृहीतक लागू होतं. नोटा सापडल्या म्हणजे लाचच, असं ते म्हणत नाही.

शेवटी पंचायतीच्या जावक नोंदवहीची प्रत घ्या. आपल्या प्रकरणात परवाना मागणीच्या तारखेआधीच रवाना झालेला निघाला तर बचाव पक्ष पहिला प्रश्न तोच विचारेल: काम झालेलं असताना पंधरा कशाचे? उत्तर असू शकतं, उदाहरणार्थ परवाना निघाल्याची खबर अर्जदाराला दिलीच नव्हती. पण ते उत्तर आरोपपत्रात आधीपासून असावं लागतं. साक्षीच्या दिवशी सुचून उपयोग नाही.